दोन कंपन्या एक झाल्या, आता नाव काय? हे काम पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी

विलीनीकरणाच्या करारावर सह्या झाल्या की नावाचा विषय बहुतेक वेळा एखाद्या लांबलेल्या बैठकीच्या शेवटच्या दहा मिनिटांत निघतो. कुणीतरी उठून फळ्यावर दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून बघतं, दोघं-तिघं हसतात आणि 'पुढच्या वेळी बोलू' म्हणून सगळे उठतात. पुढच्या वेळेपर्यंत दोन्हीकडच्या लोकांनी आपापसांत अंदाज बांधलेले असतात: 'आपलं नाव जाणार.' हा अंदाज पसरायच्या आत कामाला शिस्त लावायची असेल, तर नवा शब्द शोधणं हे काम पहिलं नाही, तिसरं-चौथं आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक कल्पित जोडी घेऊ. एक कंपनी रुग्णालयांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. तिथे १८० माणसं आहेत. दुसरी डॉक्टरांच्या भेटीची वेळ ठरवायचं अॅप चालवते आणि तिथे ७० माणसं आहेत. पहिलीने दुसरीला विकत घेतलं आहे, पण बाहेर सांगताना दोघी 'एकत्र आलो' असंच म्हणतात. आपण त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू.

पायरी १: कंपनीला एक नाव नसतं, तीन असतात

पहिलं कायदेशीर नाव. कंपनी निबंधकाकडे नोंदलेलं, करारांवर, बिलांवर आणि बँक खात्यावर असतं ते. दुसरं ब्रँडचं नाव, म्हणजे पाटीवर, वेबसाइटवर आणि विक्रेत्याच्या तोंडी असतं ते. तिसरं उत्पादनाचं नाव, म्हणजे ग्राहक रोज ज्यावर लॉगिन करतो ते. तिन्ही एकाच दिवशी बदलायला हवीत असा नियम कुठेही नाही. तिन्ही बदलायलाच हवीत असाही नाही. ग्राहकांचा जो गोंधळ उडतो, त्यातला बराचसा हे तिन्ही एका झटक्यात बदलल्यामुळे उडतो.

दोन टोकांची उदाहरणं पाहा. फियाट क्रायस्लर आणि प्यूजोची मालक पीएसए या दोन वाहन कंपन्या जानेवारी २०२१मध्ये एक झाल्या. त्यांनी वरच्या कंपनीला 'स्टेलांटिस' हे कोरं नाव दिलं आणि गाड्यांची नावं होती तशीच ठेवली. जीप घेणाऱ्याला आपल्या गाडीच्या मालक कंपनीचं नाव बदललंय हे कळलं नाही तरी त्याचं काही अडत नाही. याच्या उलट व्होडाफोन आणि आयडिया. विलीनीकरण ऑगस्ट २०१८मध्ये पूर्ण झालं आणि ग्राहकांना दिसणारं 'वी' हे नाव आलं सप्टेंबर २०२०मध्ये. कायदेशीर नाव मात्र व्होडाफोन आयडिया लिमिटेड असंच राहिलं. एकीकडे वरचं नाव बदललं आणि खालची राहिली, दुसरीकडे दर्शनी नाव बदललं आणि कागदावरचं राहिलं.

आपल्या जोडीत धाकटीचं अॅप रुग्णांच्या फोनमध्ये आहे. रुग्णांना कंपनी कोण हे ठाऊकही नाही, त्यांना फक्त अॅपचं नाव आणि त्याचं चिन्ह ओळखू येतं. म्हणून निर्णय असा: उत्पादनांची नावं निदान वर्षभर हलवायची नाहीत, ब्रँडचं नाव आता बदलायचं आणि कायदेशीर नावाचं नंतर बघायचं.

कायदेशीर नावाबाबत एक बारकावा नवख्यांच्या नजरेतून सुटतो. थोरलीने फक्त आपलं नाव बदललं, तर कंपनी तीच राहते. तिचे जुने करार साधारणपणे चालू राहतात आणि ग्राहकाला 'नाव बदललं' एवढं कळवलं की काम भागतं. पण धाकटी थोरलीत विसर्जित होणार असेल, तर धाकटीच्या ग्राहकांच्या दृष्टीने करारातला दुसरा पक्षच बदलतो. काही करारांत 'आमच्या लेखी संमतीशिवाय करार दुसऱ्याकडे वर्ग करता येणार नाही' असं कलम असतं. त्या ग्राहकांना नुसती सूचना देऊन चालत नाही, संमती मागावी लागते. म्हणजे दोन प्रकारच्या ग्राहकांना दोन वेगळी पत्रं जायला हवीत. वकिलाकडून ही यादी पहिल्याच आठवड्यात काढून घ्या, कारण पुढचं सगळं वेळापत्रक तिच्यावर टांगलेलं असतं.

पायरी २: कोणतं नाव कोणाच्या तोंडी आहे ते तपासा

आपलं नाव ग्राहकांच्या मनात घर करून आहे असं दोन्ही संस्थापकांना वाटतं. कधी ते खरं असतं, कधी नसतं. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, तपासून पाहता येतं.

तीन ठिकाणी बघा. पहिलं, लोक काय टाइप करून तुमच्या वेबसाइटवर येतात: कंपनीचं नाव की उत्पादनाचं? दुसरं, ग्राहकांच्या खरेदी आदेशांवर आणि पैसे भरल्याच्या नोंदींवर तुमचं नाव कसं लिहिलेलं असतं? तिसरं, मदतीसाठी फोन करणारा पहिल्या वाक्यात कोणतं नाव घेतो? यानंतर दोन्ही कंपन्यांच्या वीसेक ग्राहकांशी बोला आणि 'आमचं नाव तुम्हाला कसं वाटतं?' हा प्रश्न टाळा. त्यावर सगळे चांगलंच सांगतात. त्याऐवजी विचारा, 'तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या रुग्णालयाला आमच्याबद्दल सांगायचं झालं तर काय म्हणाल?' उत्तरात जे नाव आपसूक येतं, ते खरं चलनातलं नाव.

समजा आपल्या जोडीत असं दिसलं: थोरलीच्या रुग्णालयांतले हिशेब विभागातले लोक कंपनीचं नाव घेतात, कारण पैसे त्याच नावाने जातात. धाकटीचे ग्राहक मात्र जवळपास सगळे अॅपचंच नाव घेतात. धाकटीच्या कंपनीचं नाव फक्त तिच्या ७० कर्मचाऱ्यांना प्रिय आहे. हे कळल्यावर प्रश्न नेमका होतो. धाकटीचं नाव गेलं तर ग्राहक फारसे गोंधळणार नाहीत, पण माणसं दुखावतील. थोरलीचं गेलं तर हिशेब विभाग अडखळेल. दुखणी दोन आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी आहेत.

पायरी ३: वाट निवडा, शब्द नको

वाटा साधारण चार आहेत आणि प्रत्येकीची किंमत ठरलेली आहे.

एक, दोन्ही नावं जोडायची. ही सगळ्यांना न्याय्य वाटते आणि बैठकीत पटकन मंजूर होते. अडचण पुढे येते. डेमलर आणि क्रायस्लर या वाहन कंपन्या १९९८मध्ये 'बरोबरीच्यांचं विलीनीकरण' म्हणून एकत्र आल्या आणि डेमलरक्रायस्लर झाल्या. २००७मध्ये क्रायस्लरमधला बहुतांश हिस्सा विकल्यावर नावातून तीही गेली. तोडायला सोपं असं ते नाव होतं. शिवाय लांब नाव लोक तोंडातच कापतात. प्राइस वॉटरहाउस आणि कूपर्स अँड लायब्रँड या लेखापरीक्षण संस्था १९९८मध्ये एकत्र येऊन प्राइसवॉटरहाउसकूपर्स झाल्या आणि २०१०मध्ये त्यांनी स्वतःच 'पीडब्ल्यूसी' हे दर्शनी नाव घेतलं. जोडनाव घ्यायचंच असेल, तर लोक त्याचं काय करतील हे आधीच गृहीत धरा. ते पहिला भाग बोलणार आणि दुसरा गिळणार. मग दुसऱ्या भागाच्या माणसांना रोज आपलं नाव गिळलेलं ऐकावं लागतं.

दोन, एकाचं नाव ठेवायचं. ग्राहकांसाठी हे सगळ्यात कमी त्रासाचं. मात्र ठेवायचं नाव विकत घेणाऱ्याचंच असलं पाहिजे असं नाही. एसबीसी या अमेरिकी दूरसंचार कंपनीने २००५मध्ये एटी अँड टी विकत घेतली आणि स्वतःचं नाव टाकून तिचं घेतलं, कारण जास्त ओळखीचं तेच होतं. पायरी २ मधली माहिती हातात असेल तर असा निर्णय धिटाईने घेता येतो.

तीन, एकाचं नाव आणि दुसऱ्याची खूण. युनायटेड आणि कॉन्टिनेंटल या विमान कंपन्या २०१०मध्ये एकत्र आल्या तेव्हा नाव युनायटेडचं राहिलं आणि विमानांच्या शेपटीवर कॉन्टिनेंटलचा गोल आला. माझ्या मते मध्यम आकाराच्या कंपन्या या वाटेचा विचार जितका करायला हवा तितका करत नाहीत. नाव एकच उरतं, पण रोज डोळ्यांसमोर असलेल्या चिन्हात दुसरी बाजूही राहते.

चार, अगदी नवं नाव. सँडोझ आणि सिबा-गायगी या औषध कंपन्या १९९६मध्ये नोव्हार्टिस झाल्या. यात कुणी जिंकत नाही, पण दोघांनाही जुनं सोडावं लागतं आणि ग्राहकांना ओळख पहिल्यापासून करून द्यावी लागते. दोन्ही बाजू आकाराने जवळपास सारख्या असतील, किंवा दोन्ही जुनी नावं एकाच उत्पादनाला इतकी चिकटलेली असतील की एकत्रित काम त्यात मावणार नाही, तरच ही वाट धरा. लोकांना खूश ठेवायचं एवढ्यासाठी ती महाग पडते.

आपल्या जोडीत थोरलीचं नाव बिलिंगशी घट्ट बांधलेलं आहे आणि धाकटीचं कंपनीनाव बाहेर कुणाला माहीत नाही. दोघी मिळून रुग्णालयाचं सगळं दर्शनी कामकाज सांभाळू पाहताहेत. म्हणून त्यांनी चौथी वाट घेतली, पण उत्पादनांची जुनी नावं जिवंत ठेवून. त्यामुळे नव्या नावाचा भार फक्त हिशेब विभाग आणि नवे ग्राहक यांच्यावर पडतो, रुग्णांवर पडत नाही.

पायरी ४: दोन्हीकडच्या लोकांना कुठे सामील करायचं आणि कुठे नाही

पहिला मोह असतो मतदानाचा. ते करू नका. १८० विरुद्ध ७० असताना मतदानाचा निकाल आकडाच ठरवतो आणि धाकटीच्या लोकांना 'तुम्हाला विचारलं होतं' हे वर ऐकावं लागतं. सगळ्यांकडून नावं मागवण्याची स्पर्धाही बहुधा अंगलट येते. शेकडो नावं येतात, त्यातली बहुतेक आधीच कुणाच्यातरी मालकीची निघतात आणि शेवटी निवडलेलं नाव त्यातलं नसलं की स्पर्धा दिखाऊ होती असं सगळे म्हणतात.

लोकांना सामील करायची खरी जागा निकषांची आहे. दोन्हीकडून सारख्याच संख्येने माणसं घेऊन आठजणांचा गट करा: चार आणि चार, कर्मचारीसंख्येच्या प्रमाणात नव्हे. त्यात नुसते वरिष्ठ नकोत. फोनवर ग्राहकांशी बोलणारं एक माणूस, विक्रीतलं एक, हिशेबातलं एक आणि उत्पादन बनवणारं एक, असं प्रत्येक बाजूने द्या. या गटाने एकही नाव न सुचवता आधी निकष लिहायचे. उदाहरणार्थ: फोनवर एकदा ऐकून बरोबर लिहिता आलं पाहिजे, बिलिंग किंवा भेटीची वेळ अशा एकाच कामाकडे बोट दाखवता कामा नये, कोणत्याही जुन्या नावाचा तुकडा त्यात नको, आपण काम करतो त्या सगळ्या भाषांत उच्चारता आलं पाहिजे. चार-पाच निकष पुरेत. हा कागद दोन्हीकडच्या सगळ्या कर्मचाऱ्यांना दाखवा आणि त्यावर हरकती मागवा. इथे आलेली हरकत खरोखर उपयोगी असते, कारण अजून कुणाचं लाडकं नाव पणाला लागलेलं नाही.

शेवटचा निर्णय कोणाचा हे पहिल्या दिवशीच लिहून सांगा. 'गट तीन नावांची शिफारस करेल, निर्णय दोन्ही प्रमुख मिळून घेतील, एकमत न झाल्यास अमुक व्यक्ती ठरवेल.' हे वाक्य आधी लिहिलेलं नसेल तर शेवटी सगळ्यांना फसवल्यासारखं वाटतं, मग नाव कितीही चांगलं असो.

आणखी एक काम इथेच उरकायचं असतं. जे नाव जाणार आहे, त्याचं काय काय राहणार ते ठरवायचं. धाकटीच्या बाबतीत अॅपचं नाव राहिलं, तिच्या चिन्हाचा रंग नव्या ब्रँडचा मुख्य रंग झाला आणि स्थापनावर्ष नव्या वेबसाइटच्या 'आमच्याविषयी' पानावर थोरलीच्या शेजारी आलं. नोकरीची वर्षं मोजताना धाकटीत घालवलेला काळही धरला जाईल, हेही त्याच पत्रात लिहिलं गेलं. नावाशी याचा संबंध काय, असं वाटेल. पण नाव गेल्यावर माणसाच्या मनात पहिला प्रश्न तोच येतो: 'माझी इथली वर्षं मोजली जाणार ना?'

पायरी ५: नाव आवडण्याआधी तपासा

क्रम महत्त्वाचा आहे. गटाने वीसेक नावं काढली की त्यांची प्राथमिक तपासणी आधी करा, चर्चा नंतर. नाव आवडून बसल्यावर ते आधीच दुसऱ्याचं निघालं की लोक तपासणीतल्या धोक्यांकडे काणाडोळा करू लागतात.

ट्रेडमार्क शोधताना नवखी माणसं नेमकं तेच स्पेलिंग टाकतात, काही सापडत नाही आणि खूश होतात. शोध घ्यायचा तो सारख्या ऐकू येणाऱ्या, सारख्या सुरू होणाऱ्या आणि सारख्या दिसणाऱ्या नावांचा. कसोटी एकच असते: ग्राहकाची गल्लत होईल का? वस्तू आणि सेवांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत, त्यातले १ ते ३४ वस्तूंचे आणि ३५ ते ४५ सेवांचे. डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर वर्ग ९मध्ये येतं, ऑनलाइन पुरवली जाणारी सॉफ्टवेअर सेवा वर्ग ४२मध्ये. आपल्या जोडीला हे दोन्ही बघावे लागतील. दूरच्या वर्गात तेच नाव असलं तर बहुधा चालतं. शेजारच्या वर्गात असलं की सावध व्हा. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ब्रँड शोधसंग्रह मोफत आहे. तिथे पहिली चाळणी घरीच करता येते. अंतिम चाळणी मात्र वकिलाची.

बीबी अँड टी आणि सनट्रस्ट या अमेरिकी बँकांचं काय झालं ते इथे आठवावं. त्यांनी फेब्रुवारी २०१९मध्ये विलीनीकरण जाहीर केलं आणि जूनमध्ये 'ट्रुइस्ट' हे नवं नाव. काही दिवसांतच ट्रुलायंट या पतसंस्थेने नावातल्या साम्यावरून दावा ठोकला. दोन्ही नावं शेवटी टिकली, पण ज्या आठवड्यात नव्या नावाची ओळख करून द्यायची होती, त्यात बातमी दाव्याची झाली. दोघांच्या नावांत सामायिक होती ती सुरुवात. आणि दोघंही लोकांच्या ठेवी सांभाळणारे.

यानंतर फोनची चाचणी. ज्याने नाव कधी ऐकलेलं नाही अशा दहाजणांना फोनवर फक्त एकदा नाव सांगा आणि ते लिहून पाठवायला सांगा. तीनपेक्षा जास्त लोक चुकले तर ते नाव बाद. रुग्णालयाच्या काउंटरवरचा माणूस हे नाव गोंगाटात ऐकून ईमेल पत्त्यात लिहिणार आहे. तिथे सुंदर पण अवघड नाव काही कामाचं नाही.

तीन नावं उरली की प्रत्येकाच्या डोमेनची खरेदी गुपचूप करून ठेवा, हरणाऱ्या दोन्हींचीसुद्धा. खर्च किरकोळ असतो आणि बातमी फुटली तरी कुणी अडवून पैसे मागू शकत नाही.

पायरी ६: कोणाला आधी कळायचं

क्रम असा ठेवा: आधी सगळे कर्मचारी, त्याच दिवशी काही तासांत मोठे ग्राहक, दुसऱ्या दिवशी बाकीचे ग्राहक, मग सगळं जग. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर हा क्रम तुमच्या हातात राहत नाही. तिथे कायद्याने ठरलेली जाहीर सूचना आधी जाते आणि तुमच्याकडे फक्त मिनिटं उरतात.

दोन्ही कंपन्यांना एकाच क्षणी सांगा. थोरलीला सकाळी आणि धाकटीला दुपारी सांगितलं तर मधल्या वेळात चॅटवर बातमी पोचतेच आणि 'आम्हाला नंतर' ही खूण कायमची राहते. शक्य असेल तर धाकटीकडच्या सभेत थोरलीचा प्रमुख बोलू दे आणि थोरलीकडे धाकटीचा. बाद झालेली दोन नावं आणि ती का बाद झाली हेही सांगा. लोकांना निकाल पटला नाही तरी तो कसा लागला हे कळलेलं असलं की कुजबूज लवकर विरते.

ग्राहकांना जाणाऱ्या पत्रात उत्साह कमी आणि माहिती जास्त हवी. त्यांच्या तीनच शंका असतात: काय बदललं, काय बदललं नाही, मी काय करायचं? आपल्या जोडीचं पत्र असं जाऊ शकतं:

'१ तारखेपासून आमच्या कंपनीचं दर्शनी नाव बदलत आहे. तुम्ही वापरता त्या सॉफ्टवेअरचं नाव, तुमचं लॉगिन, दर, करार आणि तुमच्याशी बोलणारी व्यक्ती यांत काहीही बदल नाही. ज्या बँक खात्यात आज पैसे भरता त्याच खात्यात भरत राहा. तुम्हाला काहीही करायचं नाही.'

शेवटचं वाक्य लिहायला लाजू नका. ग्राहक तेच शोधत असतो.

पायरी ७: बदलाचा दिवस आणि त्यानंतरचे महिने

पत्रातली बँक खात्याची ओळ मुद्दाम घातलेली आहे. 'आमचं नाव बदललं आहे, यापुढे पैसे या नव्या खात्यात भरा' हे फसवणुकीच्या ईमेलचं ठरलेलं रूप आहे. सावध हिशेबनीस असं पत्र आलं की पैसे थांबवतो, आणि त्याने थांबवायलाच हवेत. त्याहून वाईट म्हणजे विलीनीकरणाची बातमी वाचून भामटे तुमच्या नावाने असंच पत्र तुमच्या ग्राहकांना पाठवू शकतात. म्हणून नाव आणि बँक खातं एकाच वेळी कधीही बदलू नका. मध्ये निदान तीन महिने जाऊ द्या. खातं बदलायची वेळ आलीच, तर ग्राहकाकडे आधीपासून असलेल्या जुन्या नंबरवर त्यालाच फोन करून खात्री करायला सांगा, आणि हे पहिल्याच पत्रात लिहून ठेवा.

बदलाच्या दिवसासाठी यादी करताना जिथे नाव आपोआप छापलं जातं त्या जागा शोधा, कारण विसर पडतो तो तिथेच. वेबसाइट आणि पाटी सगळ्यांना आठवते. राहून जातं ते एसएमएस पाठवणाऱ्याचं नाव, कार्डाच्या विवरणपत्रावर उमटणारं नाव, पासवर्ड बदलायच्या ईमेलमधलं नाव, बिलाच्या पीडीएफच्या तळातली ओळ आणि ग्राहकाच्या पुरवठादार यादीतलं नाव. कार्डाच्या विवरणपत्रावर अनोळखी नाव दिसलं की ग्राहक बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागतो. हा खर्च नुसत्या विसराळूपणामुळे होतो. पुरवठादार यादी तर तुमच्या हातातच नसते. मोठ्या रुग्णालयात ती बदलायला कागदपत्रं लागतात आणि आठवडे जातात. म्हणून त्या यादीतलं नाव बदलून होईपर्यंत त्या ग्राहकाच्या बिलावर जुनंच नाव जाऊ द्या. सगळ्यांची बिलं एकाच महिन्यात बदलायचा हट्ट धरला की पैसे अडकतात.

मधल्या काळासाठी जोडओळ ठरवा. नव्या नावाखाली लहान अक्षरांत 'पूर्वीचे अमुक', आणि ती ग्राहकानुसार वेगळी. थोरलीच्या ग्राहकांना थोरलीचं जुनं नाव दिसावं, धाकटीच्या ग्राहकांना धाकटीचं. दोन्ही नावं सगळ्यांना दाखवली तर ज्याला दुसरी कंपनी माहीत नाही त्याच्या डोक्यात एक नवी शंका घुसते. ईमेलच्या विषयओळीत आणि फोन उचलताना म्हणायच्या वाक्यातही हीच ओळ ठेवा.

ईमेलचे जुने पत्ते चालू राहिले पाहिजेत. जुन्या पत्त्यावर आलेलं पत्र नव्यावर पोचावं आणि उत्तर नव्या पत्त्यावरून जावं. वेबसाइटचं प्रत्येक जुनं पान त्याच विषयाच्या नव्या पानाकडे `301` प्रकाराने, म्हणजे कायमचं वळवा, सगळी पानं मुखपृष्ठाकडे नव्हे. मदतीचं पान शोधत आलेल्याला मुखपृष्ठ दाखवणं म्हणजे त्याला दारात उभं करून आत निघून जाणं. गूगलची सूचना ही वळणं शक्य तितका काळ, साधारणपणे निदान एक वर्ष ठेवण्याची आहे.

घाई नसेल तर टप्प्यांत जा. अविवा या विमा समूहाने वरच्या कंपनीचं नाव २००२मध्ये बदललं, पण ब्रिटनमधल्या ग्राहकांना ओळखीचं असलेलं 'नॉर्विच युनियन' हे नाव २००९पर्यंत ठेवलं. सात वर्षं तुम्हाला लागणार नाहीत, पण दोन बदलांमध्ये मुद्दाम अंतर ठेवलं म्हणून कुणी नावं ठेवत नाही.

पायरी ८: बिघडतंय का, हे कशावरून कळतं

पहिल्या बिलाच्या महिन्यात उशिरा आलेली रक्कम मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीशी ताडून बघा. ती वाढली असेल तर ग्राहक पैसे बुडवत नाहीयेत, त्यांना तुम्ही ओळखू येत नाही आहात. मदत केंद्राला एक खूण करायला सांगा: 'हे तुम्हीच का?' किंवा 'हा मेल खरा का?' असं कुणी विचारलं की नोंद. पहिल्या दोन आठवड्यांत हे वाढणारच. सहाव्या आठवड्यातही कमी झालं नसेल, तर कोणत्या मेलवरून किंवा बिलावरून प्रश्न येतो ते पाहा. बहुधा एकच जागा सापडते आणि ती दुरुस्त केली की फोन थांबतात.

आतली तब्येत मात्र आकड्यांत लवकर दिसत नाही. तीन महिन्यांनी अंतर्गत कागद चाळा. सादरीकरणांत जुनी चिन्हं कुठे टिकून आहेत, कोणत्या विभागाच्या ईमेलखाली अजून जुनं नाव आहे? ती विखुरलेली असतील तर नुसता आळस. सगळी एकाच बाजूची असतील तर त्या बाजूला काही मिळायचं राहिलंय. लगेच फर्मान काढू नका. गटातल्या त्या बाजूच्या चौघांना विचारा. कारण बहुतेक वेळा नावाचं नसतंच. वचन दिलेलं काहीतरी, उदाहरणार्थ नोकरीची वर्षं मोजण्याचं, नोंदींत चढलेलं नसतं.

'पूर्वीचे अमुक' ही ओळ कधी काढायची? जुन्या नावाने होणारे शोध आणि येणारे फोन महिनोन्‌महिने नगण्य राहिले की. आपल्या जोडीला त्याला वर्ष-दीड वर्ष लागेल, आणि थोरलीच्या बाजूला धाकटीपेक्षा जास्त. जुनी डोमेनं मात्र त्यानंतरही सोडायची नाहीत. सोडलेलं डोमेन दुसरं कुणीही घेऊ शकतं. मग त्या पत्त्यावर येणारी ग्राहकांची पत्रं आणि ज्या खात्यांना तो पत्ता जोडलेला राहिला आहे त्यांचे पासवर्ड बदलायचे दुवे, सगळं त्याच्या हाती जातं. दोन्ही जुन्या डोमेनांचं नूतनीकरण आपोआप होईल असं लावून ठेवा आणि त्याची सूचना एका माणसाच्या पत्त्यावर न पाठवता विभागाच्या सामायिक पत्त्यावर पाठवा, कारण तो माणूस कधीतरी नोकरी सोडून जाणार.